दिवाळी सेलचे दोन बॅनर: कोणता लावावा?

कपड्यांच्या एका ब्रँडने दिवाळी सेलसाठी दोन बॅनर करून घेतलेत आणि कोणता लावावा यावर त्यांचं अडलंय.

पहिल्यावर सगळंच आहे: ४०% सूट, १ वर १ मोफत, कार्डावर आणखी १०%, शिवाय पत्ता आणि अटी. दुसऱ्यावर घोषवाक्याखेरीज फक्त ‘सर्व कुर्त्यांवर ४०% सूट’ आणि तारखा.

मजकुराची गर्दी मोबाइलवर लगेच कळते. बॅनर बोटभर रुंद करून पाहिला, तर पहिल्यातलं ‘अटी लागू’ दिसतच नाही. दुसरा सहज वाचता येतो.

खरी अडचण ऑफरची आहे. प्रत्येकी २,००० रुपयांचे दोन कुर्ते घ्या. १ वर १ धरलं तर बिल २,०००, ४०% सूट धरली तर २,४००. दोन्ही मिळतात असं समजून आलेलं गिऱ्हाईक १,२०० चा हिशेब करून येतं, आणि मग काउंटरवर वाद ठरलेलाच. कार्डाचे १०%सुद्धा सूट वजा केल्यावरच्या रकमेवर मिळतात, म्हणजे एकूण सूट ५०% नव्हे, ४६%.

घोषवाक्यात मात्र दोघंही नापास. ‘उत्सव आनंदाचा, खरेदी मनासारखी’ हेच गेल्या दोन दिवाळ्यांच्या बॅनरवर होतं. जुनाच बॅनर राहिलाय असं वाटून नेहमीचे लोक तारखाही वाचत नाहीत. ते बदलाच.

रस्त्यावर आणि मोबाइलवर दुसरा लावा. पहिला दुकानात, काउंटरजवळ चालेल, पण ‘४०% सूट किंवा १ वर १, एका बिलावर एकच’ हे ठळक लिहूनच.