150 वॉटचा कार इन्व्हर्टर, काही महिने वापरल्यावर: लॅपटॉप फुल, गाडी बंद

याचा लो बॅटरी अलार्म एकदाही वाजला नाही. माझी मुख्य तक्रार एवढीच आहे, आणि बाकी सगळं त्याच्याच आगेमागे येणार आहे.

इंजिन बंद ठेवून साधारण अडीच तास गाडीत बसून काम केलं. लॅपटॉपचा 65 वॉटचा अडॅप्टर पूर्ण वेळ इन्व्हर्टरवर होता, हिरवा दिवा शांतपणे चालू होता. काम आटोपून किल्ली फिरवली तर सेल्फचा नुसता टकटकटक आवाज, आणि प्रत्येक आवाजाला डॅशबोर्डचे दिवे मिणमिणून पुन्हा वर येताहेत. शेवटी दुसऱ्या गाडीला जंपर केबल लावून स्टार्ट करावी लागली. आता या इन्व्हर्टरच्या खोक्यावर काय छापलंय बघा: लो बॅटरी अलार्म, ऑटो कट-ऑफ, गाडीच्या बॅटरीचं संपूर्ण संरक्षण.

कस्टमर केअरशी बरीच हुज्जत घातली. आधी व्हिडिओ मागितला, मग बिल मागितलं, मग उत्तर आलं की युनिटमध्ये काही दोष नाही. अलार्म 10.5 व्होल्टला वाजतो आणि 10 व्होल्टला इन्व्हर्टर बंद होतो, तसं माहितीपत्रकात छापलेलं आहे. छापलेलं आहे खरं, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

हे आकडे बघून मी आणखी चिडलो. लेड-ॲसिडची 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असताना 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. 12 ला जेमतेम पाव उरते, आणि 11.8 ला ती जवळपास रिकामी. मग 10.5 ला अलार्म म्हणजे घर लुटून झाल्यावर कुत्र्यानं भुंकायचं. लोड चालू असताना व्होल्टेज खाली दबतं हे मान्य. पण लॅपटॉपचा लोड इतका थोडा आहे की दबून दबून किती दबणार?

नेमकं इथेच माझं मत थोडं बदललं. मल्टिमीटर घेऊन बसलो. आधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मोजलं आणि मग लायटरच्या सॉकेटवर मोजलं, इन्व्हर्टर चालू ठेवून. सॉकेटवर पाव-अर्धा व्होल्ट कमी भरतो, कारण तिथवरची वायर बारीक आणि लांब असते. लॅपटॉप साधारण 7 अँपिअर ओढतो. त्याच वायरमधून दुप्पट करंट गेला तर घटही दुप्पट, शिवाय बॅटरी स्वतःही जास्त दबणार. कंपनीनं कट-ऑफ 11.8 ला ठेवला असता, तर पूर्ण लोडवर बॅटरी चांगली असतानाही इन्व्हर्टर ऊठसूट बंद पडला असता आणि लोकांनी त्याच्याही तक्रारी केल्या असत्या. म्हणजे 10.5 हा आकडा मोठ्या लोडसाठी ठीक आहे. लहान लोडवर मात्र तो अलार्म असून नसल्यासारखा. तेव्हा इन्व्हर्टर वाईट आहे हे माझं मत मी मागे घेतो, पण खोक्यावरचा ‘संपूर्ण संरक्षण’ हा शब्दप्रयोग थापच आहे.

आता हिशेब. अडॅप्टर 65 वॉट देतो तेव्हा स्वतः 72-73 वॉट ओढतो. ते तयार करायला इन्व्हर्टर गाडीकडून 83-85 वॉट घेतो, म्हणजे 12 व्होल्टला 7 अँपिअर. अडीच तासांत साडेसतरा अँपिअर-अवर. माझ्या बॅटरीवर 35 लिहिलंय, पण तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीत 35 थोडेच उरलेत? त्यात ही स्टार्टिंगची बॅटरी. काही सेकंद शे-दीडशे अँपिअर देऊन मोकळं व्हायचं, एवढ्यासाठीच तिच्या प्लेट पातळ असतात. तासन् तास हळूहळू उपसून काढणं तिला मानवत नाही, आणि प्रत्येक खोल उपशाबरोबर तिचं आयुष्य थोडं कमी होतं. जंपरनं गाडी सुरू झाली म्हणजे सुटलो असं नाही.

हाच हिशेब उलटा केला तर मात्र सुखद धक्का बसतो. लॅपटॉप बंद करून फक्त त्याची 50 वॉट-अवरची बॅटरी भरली, तर गाडीचे साधारण सहा अँपिअर-अवर जातात. खर्च होतो तो चार्जिंग लावून काम करत बसण्यात. म्हणून आता गाडी चालत असताना लॅपटॉप भरून घेतो. तेव्हा भार अल्टरनेटरवर असतो आणि मीटर 14 च्या आसपास दाखवतो. थांबल्यावर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर. अगदीच गरज पडली आणि इंजिन बंद असताना लावला, तर सॉकेटवर चालू लोडमध्ये 12 व्होल्ट दिसला की प्लग काढायचा. तारेतली घट धरता बॅटरी तेव्हा थोडी वरच असते, म्हणजे चूक झाली तरी ती सावधपणाच्या बाजूनं. व्होल्टेज दाखवणारा छोटा प्लग मिळतो, तो कायम लावून ठेवलाय.

वॉटचं थोडक्यात सांगतो. इन्व्हर्टरवर 150 लिहिलंय, पण माझ्या सॉकेटच्या झाकणावर 120 वॉट लिहिलंय आणि आत 10 अँपिअरचा फ्यूज आहे. चालतं ते सॉकेटचं, इन्व्हर्टरचं नाही. मित्राचा 130 वॉटचा अडॅप्टर इंजिन बंद असताना लावला. काही मिनिटं चार्ज झालाही, मित्र खूश. मग गप्प. त्या लोडला करंट 14 अँपिअरच्या घरात जातो, आणि एवढ्याशा जादा करंटला फ्यूज लगेच न उडता तापून सावकाश उडतो. त्यामुळे ‘चालतंय की’ म्हणायला वेळ मिळतो. मित्र म्हणाला, 20 चा फ्यूज टाकू या. अजिबात नाही. वायर 10 च्या हिशेबानं टाकलेली आहे. मग फ्यूजऐवजी तीच तापणार. कमी लोडलाही प्लग काढल्यावर त्याचं टोक बोटाला चटका देत असेल, तर सॉकेटची पकड सैल झालीय असं समजा.

अजून एक, कारण हे कुणीच सांगत नाही. माझ्या गाडीचं सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं. लॅपटॉप नसतानाही इन्व्हर्टर आपला पंखा नि दिवा चालवायला 0.4 अँपिअर खातो. दोन दिवस तसाच राहिला तर 19 अँपिअर-अवर, म्हणजे अडीच तासांच्या कामापेक्षा जास्त. बटण असलेलाच घ्या, आणि बटण बंद करूनही प्लग उपसून ठेवा.

अडॅप्टर या इन्व्हर्टरवर बारीक गुंगुं आवाज करतो. हा सुधारित साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत नाही तर पायऱ्यापायऱ्यांची लाट देणारा, त्याला तसं होतंच. अडॅप्टर हाताला सोसवेल इतकाच गरम राहत असेल तर मी लक्ष देत नाही. टाइप-सी लॅपटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या भानगडीत न पडता 65 वॉटचा पीडी कार चार्जर घ्या. आधी एसी करून मग परत डीसी करण्यातली गळती वाचते. पण बॅटरी तोही उतरवतो, आणि त्याला तर कट-ऑफ असेलच याची खात्रीही नाही. माझा जुना लॅपटॉप गोल पिनचा, तेव्हा इन्व्हर्टर राहणार. तीन तारे. चौथा 10.5 साठी कापला, पाचवा खोक्यावरच्या छपाईसाठी.