जुनी वर्षं तोडायची, हलवायची की राहू द्यायची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, ईआरपीत 2014 पासूनच्या नोंदी आणि सुताच्या साठ्याचा रिपोर्ट उघडायला चार मिनिटं. मालक म्हणाले, "जुनं काढून टाका." अकाउंटंटबाई म्हणाल्या, "सीए साहेब ओरडतील." बाईंचं बरोबर होतं, पण नोंद काढून टाकणं आणि बाजूला ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आधी मुदती पाहू. कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे मागची 8 आर्थिक वर्षं व्हाउचरसकट जपावी लागतात. जीएसटीच्या कलम 36 मध्ये त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून 72 महिने सांगितले आहेत. म्हणजे 2021-22 चं वार्षिक रिटर्न 31 डिसेंबर 2022 ला देय होतं, त्यामुळे जीएसटीसाठी त्या वर्षाची कागदपत्रं 31 डिसेंबर 2028 पर्यंत हवीत. कंपनी कायद्यासाठी तीच 31 मार्च 2030 पर्यंत लागतात. कंपनीने लांबची तारीख धरायची. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर ते वर्ष या हिशोबातून बाहेर काढून जपून ठेवायचं.

पहिला मार्ग आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय आहे: सॉफ्टवेअरमधली कंपनी स्प्लिट करणं. जुनी वर्षं एका कंपनीत, नवी दुसरीत, आणि शिल्लक पुढे ओढलेली. वेग लगेच दिसतो. पण सहा महिन्यांनी सूत व्यापारी म्हणतो, "मार्च 2019 चं बिल अजून बाकी आहे," आणि नव्या कंपनीत त्याच्या नावावर एक आकडा असतो, बिल नसतं. जॉबवर्कला गेलेल्या मालाची जुनी चलनं आणि 2016 च्या लूमचा घसारा यांचंही तेच होतं. शिवाय तीन वर्षांची तुलना हवी असेल तर दोन्ही कंपन्या उघडून एक्सेलमध्ये जोडाव्या लागतात. वर्षाअखेर सगळी देणी-घेणी मिटवणाऱ्या छोट्या दुकानदाराला हे चालेल. कारखान्याला मी सुचवणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच ईआरपीतून बंद झालेल्या नोंदी वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या डेटाबेसमध्ये हलवणं. इथे तारखेवर कापायचं नसतं, नोंदीच्या अवस्थेवर कापायचं असतं. बिल पूर्ण भरलं, चलनाचा माल परत आला, त्या लॉटचा साठा शून्य झाला, तरच नोंद हलते. बाकी सगळं चालू डेटाबेसमध्ये राहतं, मग ते कितीही जुनं असो. आणखी एक: क्रेडिट नोट पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत निघू शकते आणि वार्षिक रिटर्न 31 डिसेंबरला असतं, म्हणून त्या आधी मागच्या वर्षाला हात लावू नये. सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्यात कामगार यात्रेत असतात आणि कारखाना थंड असतो. तेच दिवस या कामाला बरे.

मेहनत मात्र आहे. एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी केव्हा काय बदललं याची नोंद, बंद करता येत नाही. ती व्हाउचरसोबत हलली पाहिजे. व्हाउचर आलं आणि ट्रेल मागे राहिला, तर संग्रह अपुरा. पीडीएफच्या गठ्ठ्यावरही भागत नाही, कारण नोंदी मूळ स्वरूपात आणि वापरता येतील अशा हव्यात. शिवाय बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा.

तिसरा मार्ग कोणी आधी करत नाही, आणि मी तोच आधी करतो: काहीच न हलवता नेमकं मंद काय आहे ते पाहणं. डेटाबेस MySQL असेल तर सर्वांत मोठी टेबलं अशी दिसतात:

```sql
SELECT table_name,
 ROUND((data_length+index_length)/1024/1024) AS mb
FROM information_schema.tables
WHERE table_schema='erp'
ORDER BY mb DESC LIMIT 10;
```

या कारखान्यात सर्वांत मोठं टेबल बिलांचं निघालंच नाही. पहिला नंबर स्कॅन केलेल्या जोडपत्रांचा होता, दुसरा साठ्याच्या नोंदींचा. जोडपत्रं डेटाबेसबाहेर फाइल म्हणून ठेवली, साठ्याच्या टेबलला माल आणि तारीख असा जोड इंडेक्स दिला, आणि चार मिनिटांचा रिपोर्ट वीस सेकंदांवर आला. मालकांना ते पुरलं, निदान दोन वर्षं तरी. तरीही साठ्याचं टेबल वाढत राहणार, म्हणून दुसऱ्या मार्गाची तयारी चालू आहे.

हलवल्यावर तपासायचं ते असं. प्रत्येक वर्षाच्या व्हाउचरची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे मिळून आधीइतकीच हवी. पार्टीवार बाकी आणि मालवार साठा, वजन आणि किंमत दोन्ही, आधीच्या छापील यादीशी जुळायला हवेत. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून थांबू नका. एका पार्टीचं दुसऱ्या पार्टीवर गेलं तरी तो जुळतोच. शेवटी बाईंना कुठलंही एक जुनं बिल संग्रहातून शोधून, त्याच्या ऑडिट ट्रेलसह छापायला सांगा. मी बाजूला बसून घड्याळ बघतो, मदत करत नाही.