बिलावरचं ‘एस.सी.’ म्हणजे सरकारी कर नव्हे

डिसेंबर 2025 मध्ये आम्ही चौघं महाबळेश्वरला गेलो होतो. बुकिंगच्या वेबसाइटवर खोली रोजची 3,400 रुपयांना होती. दोन रात्रींचे 6,800, त्यावर 5 टक्के जीएसटी 340, एकूण 7,140. पैसे हॉटेलवर भरायचे होते. हा हिशेब दिसत असतानाच मी स्क्रीनशॉट काढून ठेवला, आणि पुढे तोच उपयोगी पडला.

निघताना बिल हातात आलं 8,826 रुपयांचं! सामान गाडीत चढलेलं, आई पुढच्या सीटवर बसलेली, मागे दोन कुटुंबं चाव्या घेऊन उभी. अशा वेळी कोण बिल वाचतो? मीही कार्ड काढलंच होतं. पण ‘एस.सी. 10%’ अशी ओळ दिसली, तीही थेट जीएसटीच्या वर. मला आधी तो एखादा राज्याचा कर वाटला. विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर्व्हिस चार्ज आहे सर, सगळ्यांनाच लागतो.”

तो सगळ्यांना लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं आहे की हॉटेलांनी हा आकार आपोआप बिलात घालू नये. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मी फोन हातात घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर लावतो म्हटल्यावर 680 रुपये लगेच कमी झाले. इतक्या चटकन, की हे त्यांचं रोजचंच असावं.

पण खरी मेख कराच्या ओळीत होती. जीएसटी 18 टक्क्यांनी लावला होता. मॅनेजर म्हणाले, “आमचा रॅक रेट आठ हजार आहे, म्हणून 18 टक्के.” ऐकायला पटण्यासारखं वाटतं, पण ते चूक आहे. दर ठरतो तो एका रात्रीसाठी पाहुण्याकडून प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर, भिंतीवर लावलेल्या दरपत्रकावर नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर 5 टक्के, त्यावर गेलं तर 18. आमचं भाडं 3,400. स्क्रीनशॉट दाखवला, तर म्हणे “वेबसाइटचं आम्हाला माहीत नाही, सॉफ्टवेअरच तसं घेतं.”

आई दोनदा हॉर्न वाजवून झाली होती. शेवटी 6,800 वर 18 टक्के धरून 8,024 भरले, म्हणजे 884 जास्त. मात्र बिलाच्या त्यांच्या प्रतीवर ‘18 टक्के कर मान्य नाही’ असं लिहून सही केली आणि फोटो घेतला. चेक-इन करतानाच “सगळं धरून एकूण किती?” हे कागदावर लिहून घ्यायला हवं होतं; तेव्हा माझं सामान गाडीत नव्हतं, आणि घासाघीस करायला वेळही होता.

तक्रार 1915 वर नोंदवली आहे. वेबसाइटवाल्यांनाही बिल पाठवलं. 884 रुपये अजून आलेले नाहीत.