टॅप करताना मध्येच पिन का मागतात? वायफायच्या खुणेचं कार्ड काही महिने वापरल्यावर

जळगावात दुकानदार याला सरळ ‘वायफाय कार्ड’ म्हणतात, कारण कार्डावर तशी आडवी लाटांची खूण असते. वायफायशी त्याचा काही संबंध नाही. मशीनपासून साधारण चार सेंटिमीटरच्या आत कार्ड आणलं की दोघांचं बोलणं होतं आणि पैसे कटतात. माझं साधं डेबिट कार्ड आहे. पेट्रोल, औषधं, किराणा, अधूनमधून भुसावळला कापड घ्यायला गेलो तर तिथे, असा त्याचा वापर. मला ते आवडलंय आणि मी ते सुरूच ठेवणार आहे. पण ज्याने सगळ्यांचा गोंधळ होतो ती एकच गोष्ट नीट सांगावीशी वाटते: कधी पिन लागत नाही आणि कधी अचानक लागतो, ते का.

रकमेचा नियम सोपा आहे. रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये पिनशिवाय टॅपची मर्यादा 2,000 रुपये ठेवली होती, ती 1 जानेवारी 2021 पासून 5,000 झाली. बिल त्यापुढे गेलं की पिन हवाच. टॅप तेव्हाही चालतं, फक्त नंतर आकडे दाबावे लागतात. काही जुनी मशीन मात्र कार्ड खाचेत घालायलाच सांगतात. भुसावळला 5,340 रुपयांच्या बिलावर दुकानदार म्हणाला, “दोन भाग करून मारू का? पिनची कटकट नको.” मी नको म्हटलं. दोन पावत्या झाल्या की कापड परत करताना हिशेब लागत नाही, आणि चार आकडे दाबायला कितीसा वेळ लागतो?

खरी अडचण पाच हजारांच्या खाली येते. घरच्या लग्नाच्या तयारीच्या दिवशी जळगावात सकाळपासून फिरत होतो. पेट्रोल 500, मेडिकल 380, मिठाईची आगाऊ रक्कम 1,250, भांडी 2,100, फळं 290. कुठेही पिन मागितला नाही. मग पत्रिकांच्या पाकिटांचे फक्त 640 रुपये देताना मशीन थांबलं आणि पिन मागू लागलं. दुकानातला पोरगा अहिराणीत म्हणाला, “भाऊ, तुमनं कार्ड बिघडी गयं का?” कार्ड बिघडलं नव्हतं. पिन टाकल्याबरोबर पैसे गेले, आणि त्यानंतरच्या दुकानात टॅपवर पुन्हा काही विचारलं नाही.

हे समजून घ्यायचं तर पिनचं काम काय ते आधी पाहायला हवं. टॅप करताना चिप दर वेळी नवा, एकदाच चालणारा सांकेतिक आकडा बनवते. त्यामुळे कार्ड खरं आहे हे बँकेला कळतं आणि जुन्या व्यवहाराची नक्कल पुन्हा वापरता येत नाही. पण ते कार्ड कोणाच्या हातात आहे, हे चिपला कळायचा मार्ग नाही. खिशातून पडलेलं कार्ड दुसऱ्याने उचलून टॅप केलं तरी चिप तेवढ्याच इमानाने उत्तर देणार. एका वेळची रक्कम मर्यादित ठेवली तरी चोर 4,000, पुन्हा 4,000 असं करत खातं रिकामं करू शकतो. म्हणून दुसरी मोजणी लागते: पिन न टाकता सलग किती टॅप झाले, किंवा एकूण किती रुपये गेले. ती हद्द आली की पिन विचारायचा. बरोबर पिन आला म्हणजे कार्ड मालकाकडेच आहे, मग मोजणी शून्यावर.

युरोपात हे आकडे नियमातच लिहिले आहेत. एका वेळी 50 युरोपर्यंत, आणि शेवटच्या पडताळणीपासून एकूण 150 युरो किंवा सलग पाच व्यवहार, यांपैकी एक हद्द बँकेने पाळायची. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने रक्कम ठरवली, पण दिवसात, आठवड्यात किंवा महिन्यात असे किती व्यवहार होऊ द्यायचे हे बँकांवर सोडलं. त्यामुळे तुमच्या शेजाऱ्याच्या कार्डाला जे होतं ते तुमच्या कार्डाला होईलच असं नाही.

माझ्या बाबतीत प्रश्न होता की हद्द व्यवहारांची होती की रकमेची. वरची बेरीज करून बघा: पाच व्यवहारांचे 4,520 रुपये झाले होते, आणि 640 मिळवले की 5,160. म्हणजे सहावा व्यवहार म्हणूनही पिन आला असेल, किंवा बेरीज पाच हजारांवर गेली म्हणूनही. नंतर मुद्दाम बारीकसारीक खरेदी टॅपने केली. एकूण खर्च काही शेकड्यांतच होता, तरी पिन त्याच टप्प्यावर आला. शाखेतल्या मॅडमनीही तेच सांगितलं: या कार्डावर पिनशिवाय सलग पाच, सहाव्याला पिन.

पिन कोण मागतंय, हे मशीनकडे पाहून बरंचसं कळतं. टॅप केल्या केल्या पिन मागितला तर बँकेला विचारण्याआधीच ठरलंय. म्हणजे मशीनमध्ये भरलेली रकमेची हद्द ओलांडली, किंवा चिपमधल्या नियमाने तसं सांगितलं. मशीन आधी बँकेशी जोडणी करतं, थोडं थांबतं आणि मग पिन मागतं किंवा कार्ड खाचेत घालायला सांगतं, तेव्हा ते बँकेकडून आलेलं असतं. पाकिटांच्या दुकानात हेच झालं होतं. खराब कार्ड यातलं काहीच करत नाही. ते वाचलंच जात नाही किंवा प्रत्येक दुकानात तीच चूक दाखवतं. चोपडा, यावलकडे रेंज गेली की मशीन मध्येच लटकतं, त्याचा पिनशी संबंध नाही. तिथे मेसेज किंवा पावती पाहिल्याशिवाय पुन्हा टॅप करू देऊ नका.

बँकेबद्दल माझी तक्रार एकच, पण मनापासूनची. सलग किती टॅपनंतर पिन लागेल हे अ‍ॅपमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. शाखेत जाऊन विचारावं लागलं. माझे वडील पारोळ्याला राहतात. काउंटरवर पाच माणसं मागे उभी असताना मशीनने पिन मागितला की ते घाबरतात, आणि घाबरून चुकीचा पिन दोन-तीनदा पडला की कार्ड बंद होतं. एक ओळ आधी सांगितली असती तर त्यांनी पिन आठवून ठेवला असता. ज्येष्ठांसाठी तरी बँकांनी हे छापून द्यावं.

त्यांच्या कार्डावर मी टॅपची मर्यादा अ‍ॅपमधून 1,000 वर आणून ठेवली आहे. किराणा आणि औषधं त्यात बसतात, वर गेलं की पिन. ही सोय कार्डासोबत आपोआप चालू नसते. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डावर टॅप आपण स्वतः सुरू करायचं असतं आणि हवं तेव्हा बंदही करता येतं. तुमच्या कार्डावर टॅप होतच नसेल तर मशीनला दोष देण्याआधी तिथे बघा.

आणि कार्ड हरवलं तर मोजणीच्या भरवशावर राहू नका. पाच टॅप, प्रत्येक 5,000 पर्यंत, म्हणजे माझ्या कार्डावरून पिनशिवाय 25,000 जाऊ शकतात. आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद करा, मग बँकेच्या क्रमांकावर कळवून तक्रारीचा नंबर घ्या. कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेची असते, आणि कधी कळवलं हे दाखवायला तो नंबर लागतो.