दूध घेणारं शाकाहारी मूल आणि वीगन मूल

इंदूरकडच्या आपल्या घरांत पोहे, वरण-भात दोघांनाही सारखंच मिळतं. फरक पडतो तो दुधा-दह्याने, कारण वीगन मूल प्राण्यांपासून मिळणारं काहीच, अगदी दूधही, घेत नाही. रोज दोन कप दूध-दही घेणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची बी१२ जीवनसत्त्वाची गरज बहुधा भागते आणि उंचीही सहसा इतरांएवढीच वाढते. (नुसत्या दुधावरच पोट भरलं, तर मात्र लोह कमी पडतं.)

वीगन मुलाला बी१२ थेंबांतून किंवा गोळीतून द्यावंच लागतं, कारण घरच्या बदामाच्या दुधात ते नसतं. पोलंडमधल्या २०२१च्या अभ्यासात ५ ते १० वर्षांची वीगन मुलं मांसाहारही करणाऱ्या मुलांपेक्षा सरासरी ३ सेंटिमीटर बुटकी आढळली. फसवी गोष्ट अशी, की डाळी-पालेभाज्यांतल्या भरपूर फोलेट या जीवनसत्त्वामुळे बी१२च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि नसांची हानी मात्र चालू राहते. म्हणून माझ्या मते नुसतं हिमोग्लोबिन पुरेसं नाही, बी१२ही तपासावं.