जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेताय? बॅटरी वीस टक्क्यांवर दाखवा म्हणावं

धुळ्यातल्या एका डीलरकडून आम्ही जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. डीलरचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार दाखल आहे. पण त्याने गाडीचे जे तीन गुण सांगितले ते मात्र लिहितो, कारण तेच तीन दोष निघाले. गाडी तीन वर्षांची, पण फक्त नऊ हजार किलोमीटर चाललेली. चार्जिंग फुल्ल, शंभर टक्के. आणि वर, "दोन तासात चार्ज होते भाऊ, चिंता करू नका, गाडी एकदम मस्त शे."

गाडी हवी होती ती माझ्या धाकट्या भावाला. तो अमळनेरहून पारोळ्याला कामाला जातो, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बॅटरी ३ किलोवॅट-तासाची, म्हणजे नवी असताना एका चार्जवर आरामात ऐंशी किलोमीटर जाणारी. ट्रायलला डीलरने स्टेशन रोडला एक चक्कर मारू दिली, टक्के जेमतेम दोनने उतरले. महिनाभरात गाडी पारोळ्याहून परत येताना भर रस्त्यात बंद पडली आणि तेव्हा स्क्रीनवर ३८ टक्के दिसत होते. दुसऱ्यांदा ४१ वर बंद. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू व्हायची, चढ आला की पुन्हा खल्लास.

हे का होतं, ते आधी सांगतो, कारण विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात. आमच्या गाडीच्या पॅकमध्ये लिथियम सेलचे १४ गट एकामागे एक जोडलेले आहेत. भरलेला गट ४.२ व्होल्टवर असतो आणि साधारण ३ व्होल्टच्या खाली त्याला जाऊ द्यायचं नसतं. ही राखण करतो पॅकमधला बीएमएस नावाचा सर्किट बोर्ड. चौदापैकी एकच गट कमजोर असला तरी तो आधी रिकामा होतो, आणि बाकी तेरांमध्ये जीव असतानाही बीएमएस अख्खा पॅक बंद करतो. चार्जिंगला उलटं होतं. तोच गट आधी भरतो, म्हणून चार्जिंग लवकर थांबतं. दोन तासात फुल्ल होण्याचं रहस्य एवढंच. त्या गाडीच्या चार्जरने रिकामी बॅटरी भरायला चार-साडेचार तास लागायलाच हवे होते.

स्क्रीनवरचे टक्केही समजून घ्या. माठात निम्मा गाळ बसला असेल तरी काठापर्यंत पाणी भरलं की माठ भरलेलाच दिसतो. शंभर टक्के म्हणजे आज जेवढं मावतं तेवढं भरलं. नवी असताना किती मावायचं, ते त्यात कळत नाही. त्यातून फुल्ल चार्जवर बीएमएस सगळे गट जवळजवळ सारखे करून ठेवतो, त्यामुळे तिथे मोजलं तरी फरक फारसा दिसत नाही. कमजोर गट उघडा पडतो तो खाली, वीस टक्क्यांच्या आसपास. डीलर लोक गाडी दाखवायच्या आदल्या रात्री चार्जिंगला का लावतात, ते यावरून लक्षात यावं.

आम्ही गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मेकॅनिकने पॅकला लॅपटॉप जोडून प्रत्येक गटाचा व्होल्टेज दाखवला. फुल्ल चार्जवर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटात ०.०३ व्होल्टचा फरक, म्हणजे काळजीचं कारण नाही. मग गाडी चालवून चार्ज उतरवला आणि पुन्हा जोडला, तर तोच फरक ०.३१. चांगल्या पॅकमध्ये तिथेही तो शतांशातच राहतो.

त्याच लॅपटॉपवर चार्जिंग सायकलींची नोंद दिसली: ११. आता हिशोब करा. एका पूर्ण सायकलमध्ये ऐंशी किलोमीटर धरले, तर नऊ हजार किलोमीटरला शंभर-सव्वाशे सायकली व्हायला पाहिजेत. अकरा म्हणजे बीएमएस नवा टाकला किंवा जुना पुसून काढला. (हाच आकडा चारशे निघाला असता तर मीटर मागे फिरवलंय असं म्हटलं असतं.) बीएमएस असा बदलला की बॅटरीच्या तब्येतीचा टक्काही पहिल्यापासून मोजायला लागतो. अॅपमध्ये आम्हाला ९८ टक्के दिसायचे, ते त्यामुळेच. पॅकच्या झाकणाचे स्क्रू घासलेले होते आणि कडेचं सीलंटही वेगळ्या रंगाचं. आमच्या पॅकचा नंबर सेंटरच्या जुन्या नोंदीत शोधला तेव्हा बाकीचं कळलं. आधीच्या मालकाने गाडी बरेच महिने रिकाम्या बॅटरीवर पत्र्याच्या शेडखाली उभी ठेवली होती, सेल मर्यादेच्या फार खाली गेले, आणि कंपनीने त्याच कारणाने वॉरंटी नाकारली. नंतर कोणीतरी पॅक उघडून सेल 'जागे' केले. म्हणजे कमी किलोमीटर हा गुण नव्हताच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. अशा उन्हाळ्यात न वापरता पडलेली बॅटरी, पूर्ण भरलेली असो की पूर्ण रिकामी, रोज पळणाऱ्या बॅटरीपेक्षा वाईट निघू शकते. आता मी कोणी विचारलं तर सांगतो, रोज चाललेली, वीस हजार किलोमीटर झालेली गाडी बघा.

लॅपटॉप नसला तरी एक तपासणी घरच्या प्लगवर होते. युनिट मोजणारं छोटं प्लग-मीटर काही शे रुपयांत मिळतं. गाडी बंद पडेपर्यंत चालवून ते मीटर लावून आम्ही फुल्ल चार्ज केली, तर भिंतीतून घेतले फक्त १.९ युनिट. चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीत पोचले साधारण १.६५. ३ च्या बॅटरीत एवढंच मावत असेल तर निम्म्याच्या जरा वर, बस्स. चांगल्या बॅटरीने तीन-साडेतीन युनिट ओढले असते. पाच-सात टक्क्यांचा फरक या पद्धतीत धरू नका, तेवढी ती बारीक नाही; पण असला घोटाळा लगेच दिसतो.

तर फोनवरच सांगायचं: "दादा, गाडी चार्ज करू नका, वीस टक्क्यांवर ठेवा, मी येतो, मग सर्व्हिस सेंटरला जाऊ." आम्ही नंतर दुसरी गाडी बघताना असं सांगितलं, तेव्हा जळगावच्या एका विक्रेत्याने लगेच हो म्हटलं, भुसावळच्या एकाने "एवढं कोण करतं, घ्यायची असेल तर घ्या" म्हणून फोन ठेवला. तिथे गेलोच नाही. सेंटरला चार गोष्टी विचारायच्या: या नंबरचा पॅक याच गाडीचा आहे का, कधी उघडला गेलाय का, वॉरंटी नाकारल्याची नोंद आहे का, आणि वॉरंटी उरली असेल तर आरसी नावावर झाल्यावर ती मला मिळेल का. शेवटच्याचं उत्तर प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून ते लेखीच घ्या.

पावतीवर आम्हाला 'गाडी आहे त्या स्थितीत' एवढंच लिहून मिळालं होतं आणि डीलर आता त्याच वाक्यावर अडून बसलाय. नव्या पॅकची किंमत आम्ही दिलेल्या गाडीच्या किमतीइतकीच सांगतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. सोबत जोडलंय ते सर्व्हिस सेंटरचं शिक्का मारलेलं प्रिंटआउट, स्क्रू आणि सीलंटचे फोटो, आणि डीलरचा 'बॅटरी ओरिजिनल आहे, कधी उघडली नाही' असा व्हॉट्सअॅप मेसेज. तो मेसेज भावाने व्यवहाराआधी सहज विचारला म्हणून आला होता. वकिलांच्या मते आमच्या हातातला सगळ्यात वजनदार कागद तोच. तुम्ही तो प्रश्न सहज नको, मुद्दाम विचारा, आणि पॅकचा नंबर टाकूनच विचारा.