नऊ जीसीपींचं बिल आणि 2.71 मीटर सरकलेला नकाशा

मोजणीच्या धंद्यात मला एकोणीस वर्षं झाली. हे आधीच सांगतो, म्हणजे "याला कळत नसेल, म्हणून फसला" असं म्हणायची सोय राहणार नाही. कळत होतं. तरी फसलो, आणि ड्रोनवाल्याला काम देणाऱ्या दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

काम 31 हेक्टरचं. ऑर्थोमोझॅक हवा होता, म्हणजे ड्रोनचे फोटो जोडून केलेला मापाचा नकाशा, त्यावरून नाल्याची आखणी करायची होती. करारात लिहिलं होतं: पिक्सेल 2.5 सेंटिमीटर, आणि चेक पॉइंटवर, म्हणजे फक्त तपासणीसाठी राखलेल्या बिंदूंवर, आडवी चूक 5 सेंटिमीटरच्या आत. पैसे 60 टक्के आगाऊ, 30 टक्के फाइल मिळाल्यावर, 10 टक्के तपासणीनंतर. एकूण बिलातले 18 टक्के फक्त "नऊ जीसीपी बसवणे व मोजणे" या एका ओळीचे. जीसीपी म्हणजे जमिनीवर टार्गेट ठेवून मोजलेले बिंदू, ज्यांना धरून नकाशा जागेवर बसवतात. फाइल आली, दिसायला झकास होती, मी 30 टक्के त्याच संध्याकाळी पाठवले. चूक कळली तेव्हा माझ्या हातात 10 टक्के उरले होते. निदान अर्धे पैसे तपासणीपर्यंत धरून ठेवा. एवढं जरी केलं असतं तरी आज माझा आवाज थोडा मोठा निघाला असता.

कळलं कसं, तर खुंट्यांमुळे. नाला कुंपणाच्या भिंतीच्या दीड मीटर अलीकडून जायचा होता. भिंत ऑर्थोवरून काढलेली, खुंटे आमच्या रोव्हरने, म्हणजे हातात धरून फिरवायच्या जीपीएसने, रोवायला घेतलेले. तिसऱ्या खुंट्याला मुकादम ओरडला, "साहेब, हा भिंतीच्या पलीकडे येतोय!" पलीकडे, तेही ऐंशी सेंटिमीटर. मी आधी माझ्याच रोव्हरवर संशय घेतला. बेस पुन्हा लावला, कोऑर्डिनेट आधीपासून माहीत असलेल्या दुसऱ्या खांबावर पडताळून पाहिलं, फरक एक सेंटिमीटर. मग गाडीत बसून ऑर्थो उघडला आणि कंट्रोलच्या खांबावर झूम केलं. आमच्या खांबांच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात फुली मारलेली आहे. फुली स्पष्ट दिसत होती. माझ्या यादीतला बिंदू मात्र तिच्यापासून दूर, मोकळ्या मातीत पडत होता.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून हात कपाळावर जातो. उड्डाणाच्या दिवशी मी साइटवर हजर होतो. त्यांच्या पोराने बेसचा ट्रायपॉड फाटकाजवळ भिंतीला लागून उभा केला. पायाखाली खिळा नाही, टेपने उंची मोजली नाही. पितळी बोल्टचा माझा खांब तिथून साठ पावलांवर होता आणि त्याचे कोऑर्डिनेट मी त्यांना आठ दिवस आधी कागदावर दिले होते. मी विचारलं, "खांबावर नाही लावत?" तो म्हणाला, "सर, आरटीके आहे, कुठेही लावलं तरी चालतं." मी मान डोलावली. मला एक फोन आला होता, ऊन होतं, आणि पोरगा आत्मविश्वासाने बोलत होता. एकोणीस वर्षं आणि मी मान डोलावली!

कुठेही चालत नाही. आरटीके म्हणजे जमिनीवरच्या बेसवरून ड्रोनची जागा उडतानाच दुरुस्त करत जाणं. बेस कुठे उभा आहे हे तुम्ही त्याला सांगता, आणि तिथून पुढे तो ड्रोनची जागा सेंटिमीटरमध्ये मोजतो. सांगितलेली जागाच चुकली तर सगळं काम तितकंच सरकतं, आणि आतून पाहिलं तर सगळं एकमेकांशी जुळलेलंच दिसतं. ज्ञात बिंदूवर बेस न लावता "सध्याची सरासरी जागा घे" हे बटण दाबलं की उपग्रहांवरून ढोबळ जागा घेतली जाते. ती आडव्यात काही मीटर इकडेतिकडे असते आणि उंचीत बहुधा त्याहून वाईट.

पहिलं पत्र मी रागात लिहिलं. विश्वासघात, व्यावसायिक नीतिमत्ता, असलं बरंच काही, आणि आकडा एकच: खांब 1 वर पूर्वेला 2.31, दक्षिणेला 1.42 मीटर. उत्तर आलं की आरटीके फिक्स शंभर टक्के होता, तुमचे खांबच हलले असतील. सोबत पुरावा म्हणून स्क्रीनशॉट, त्यांचा ऑर्थो ऑनलाइन उपग्रह नकाशावर कसा चपखल बसतो त्याचा. ते उपग्रह नकाशे स्वतःच कित्येक ठिकाणी काही मीटर सरकलेले असतात. त्याच्याशी जुळलं म्हणून कोणी पुरावा दाखवू लागला, तर तिथेच ओळखा.

शिवाय "डेटमचा फरक असेल" अशी एक पुडी सोडलेली. डेटम, म्हणजे कोऑर्डिनेट ज्या संदर्भावरून मोजतात तो, बदलला की नकाशा सरकतो, हे खरं आहे. ऑस्ट्रेलियात GDA94 सोडून GDA2020 घेतलं तेव्हा कोऑर्डिनेट साधारण 1.8 मीटर ईशान्येला गेले. पण इथे खांबांची यादी आणि त्यांचा स्वतःचा रिपोर्ट, दोन्हींवर एकच डेटम आणि एकच झोन छापलेला होता.

दहाव्या दिवशी "रीप्रोसेस केलेली" नवी फाइल आली. खांब 1 वर उघडली तर तंतोतंत, चूक शून्य. शून्य? इतकं चांगलं काम कोणाचंच नसतं. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून हे चालवलं:

```
gdalinfo -checksum juna.tif
gdalinfo -checksum nava.tif
```

लांबी-रुंदी तीच, प्रत्येक बँडचा चेकसम तोच. म्हणजे एकही पिक्सेल बदललेला नाही. फक्त `Origin` ची, म्हणजे चित्राचा कोपरा कुठे ठेवायचा त्याची, ओळ वेगळी, आणि फरक बरोबर 2.31 आणि 1.42. माझ्याच पत्रातला आकडा उचलून चित्र ढकललं होतं. प्रोसेसिंग पुन्हा केलंच नव्हतं. तेव्हा तक्रारीत सगळे बिंदू कधीही देऊ नका. दोन द्या, तीन खिशात ठेवा.

न्यायाने बोलायचं तर, चूक सगळीकडे सारखी असेल तेव्हा नुसतं ढकलूनही आडवा नकाशा बऱ्यापैकी जागेवर येतो. माझं भांडण त्याच्याशी नाही. उंचीच्या मॉडेलला त्यांनी हातच लावला नव्हता. ते अजून 1.86 मीटर खाली बसलेलं होतं, आणि नाल्याच्या कामात उतार म्हणजेच सगळं. आणि ते नऊ जीसीपी?

मग दुसरं पत्र लिहिलं, या वेळी विशेषणं गाळून. त्यातला मुख्य भाग असा:

"आपल्या पहिल्या ऑर्थोवर आमच्या पाच खांबांच्या जागा ज्ञात जागांपेक्षा पुढीलप्रमाणे सरकलेल्या आढळल्या. पूर्वेला 2.31, 2.29, 2.34, 2.27 आणि 2.33 मीटर. दक्षिणेला 1.42, 1.45, 1.40, 1.44 आणि 1.41 मीटर. सरासरी सरक 2.71 मीटर. पाचही खांबांवर दिशा एकच आहे आणि आकडे एकमेकांपासून काही सेंटिमीटरच वेगळे आहेत. पाच खांब एकाच दिशेने एवढे सारखे हलत नाहीत. म्हणून बेसला दिलेले कोऑर्डिनेट कोठून घेतले, ते लेखी कळवावे.

"आपल्या रिपोर्टमध्ये नऊ जीसीपींवर चूक 1.9 सेंटिमीटर दाखवली आहे आणि चेक पॉइंटचा तक्ता रिकामा आहे. हे नऊ कोऑर्डिनेट आम्ही आपल्याच पहिल्या ऑर्थोवर टाकून पाहिले. एकाही ठिकाणी जमिनीवर टार्गेट दिसत नाही. बिंदू 4 झुडपात आहे. बिंदू 7 पत्र्याच्या शेडच्या छतावर आहे. त्या छतावर रोव्हर घेऊन कोण चढले, ते कळवावे."

हे लिहिताना मला खरा डाव समजला. जीसीपी बसवलेच नव्हते. तयार मॉडेलवर नऊ ठिकाणी क्लिक करून तिथलेच आकडे उचलले आणि "जीसीपी" म्हणून परत भरले. स्वतःच्या उत्तरावरून स्वतःला मार्क दिल्यावर 1.9 सेंटिमीटर येणारच! हा रिपोर्ट मी पैसे पाठवण्याआधी उघडला होता. 1.9 वाचलं, हिरवे आकडे पाहिले आणि बंद केला. चेक पॉइंटचा रिकामा तक्ता त्याच पानावर खाली होता. जीसीपीवरची चूक म्हणजे फक्त गणित किती जुळलं ते. गणितात न घेतलेल्या बिंदूवर काय होतं, तेच खरं, आणि ते बिंदू तुमच्याकडे असावेत, त्यांच्याकडे नव्हे.

शेडच्या छताला उत्तर आलं नाही. फोन उचलणं बंद झालं.

मग मी दारं वाजवायला निघालो. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, तुम्ही धंद्यासाठी सेवा घेतली, तुम्ही ग्राहक नाही. पोलिसांनी विचारलं, "फाइल मिळाली ना?" मिळाली. "उघडते ना?" उघडते. "मग चोरीला काय गेलं?" मी म्हटलं, 2.71 मीटर. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगत नाही. दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवलं. उड्डाणाचे परवाने देणाऱ्या कार्यालयात गेलो, तर तिथे ड्रोन कुठे आणि किती उंच उडाला एवढंच बघतात. नकाशा कुठे पडला याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. ज्या पोर्टलवरून हा विक्रेता शोधला, त्यांनी तर माझी तक्रार "समाधानकारकरीत्या निकाली" म्हणून बंद केली, कारण विक्रेत्याने "सुधारित फाइल" अपलोड केली होती! मी चेकसम पाठवले. उत्तर आलं, कृपया फोटो जोडा. कशाचा फोटो जोडू? मोकळ्या मातीचा? चार ठिकाणी चार वेळा तीच गोष्ट सांगितली आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्याने शेवटी विचारलं, "दोन-अडीच मीटरने एवढं काय बिघडतं?"

मूळ फोटो मागितले तर "ती आमची मालमत्ता" असं उत्तर. करारात त्यांचा उल्लेख नव्हता, हा माझाच गाढवपणा. मूळ फोटो आणि बेसची कच्ची नोंद, दोन्ही करारात लिहून घ्या. ती नोंद असेल तर बेसची खरी जागा नंतरही काढता येते. एक्केचाळिसाव्या दिवशी, वकिलाच्या नोटिशीनंतर, 1,386 फोटो आले. बेसची नोंद "मेमरी भरल्यामुळे उपलब्ध नाही".

फोटो मी स्वतः प्रोसेस केले. तीन खांब जीसीपी म्हणून घेतले, दोन चेक पॉइंट म्हणून बाजूला ठेवले. त्या दोघांवर आडवी चूक 3 आणि 4 सेंटिमीटर आली, उंचीत 6. दोन चेक पॉइंट कमीच, पण खुंटे आता भिंतीच्या अलीकडे येतात. 1,386 फोटोंत मी टार्गेटही शोधले, दोन रात्री बसून. एकही नाही. फाटकाजवळच्या एका फोटोत ट्रायपॉड मात्र स्वच्छ दिसतो, आणि त्याच्या शेजारी फोन कानाला लावून उभा असलेला मी.

राहिलेले 10 टक्के मी दिलेले नाहीत. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा मेसेज येतो: "सर, जीसीपी कामाची रक्कम बाकी आहे, कृपया लवकर पाठवा." मी दर वेळी एकच उत्तर देतो: "बिंदू 7?"